टाळीला वळून पाहणे ही श्रवणचाचणी नव्हे

“मूल दोन वर्षांचे होत आले तरी बोलत नसेल तर घाबरू नका. मुलगे उशिराच बोलतात. मागे उभे राहून टाळी वाजवा, मूल वळले तर कान उत्तम आहेत. तीन वर्षांपर्यंत निवांत थांबा. चाचण्या केल्या की मुलावर कायमचा शिक्का बसतो.”

हा संदेश माझ्या मावसबहिणीला तीन नातेवाइकांनी पाठवला आणि त्यावर विसंबून तिने चार महिने घालवले, म्हणून हे लिहायला घेतले आहे.

सर्वांत घातक सल्ला टाळीचा आहे. जवळून वाजवलेली टाळी साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी मोठी असते, आणि मूल तिला वळते यावरून एवढेच कळते की ते ठार बहिरे नाही. पुष्कळदा तर ते आवाजाला नव्हे, मागच्या हालचालीला किंवा भिंतीवरच्या सावलीला वळलेले असते. बोलणे शिकायला लागते ते वेगळेच ऐकणे. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे ध्वनी उंच पट्टीचे आणि फार क्षीण असतात. ज्याला खालच्या पट्टीतले आवाज नीट आणि वरच्या पट्टीतले अंधुक ऐकू येतात, ते मूल दार आपटले की दचकते, भांडे पडले की वळते आणि घरचे निर्धास्त होतात. पण त्याच्या कानी पडणारे शब्द अर्धेच असतात.

बहिणीच्या मुलाचे नेमके हेच झाले होते. वीस महिन्यांचा असताना त्याला दोनच शब्द येत. मात्र तो टाटा करायचा, कावळा दिसला की बोट दाखवून आईच्या तोंडाकडे पाहायचा. अखेर बालरोगतज्ज्ञांनी तिच्याकडून एम-चॅट ही वीस प्रश्नांची यादी भरून घेतली. ती 16 ते 30 महिन्यांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेची शक्यता चाळून पाहण्यासाठी असते. तिच्यात ‘मुलाला ऐकू येत नसावे असे तुम्हाला कधी वाटले आहे का?’ असा एक प्रश्न आहे. त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग ‘हो’ म्हणाली. हाक मारल्यावर न पाहणे आणि खूण न करता सांगितलेले न कळणे हे आणखी दोन, असे तीन गुण झाले. दोनपर्यंत गुण असले तर सहसा चिंता नसते, आठ किंवा अधिक असले तर थेट सविस्तर तपासणीला पाठवतात. मधल्या गटात तेच मुद्दे उदाहरणे विचारून पुन्हा पडताळतात, आणि त्यानंतरही दोन उरले तर तपासणी करायची असते. त्याचे दोन उरले. मग तो झोपेत असताना बेरा चाचणी झाली, म्हणजे कानात आवाज सोडून श्रवणमार्गाचा प्रतिसाद डोक्यावर चिकटवलेल्या तारांमधून नोंदवला गेला. तीत आणि पुढच्या तपासण्यांत दोन्ही कानांना उंच पट्टीतले कमी ऐकू येते असे निघाले. जन्मानंतरच्या कानाच्या चाचणीत तो उत्तीर्ण होता, पण श्रवणदोष नंतरही उद्भवू शकतो. टाळीला मात्र तो दर वेळी वळत असे.

मुलगे उशिरा बोलतात, यात अर्धे सत्य आहे हे मान्य करावे लागेल. सरासरीने ते मुलींच्या थोडे मागे असतात, पण हा फरक काही आठवड्यांचा, फार तर महिना-दोन महिन्यांचा असतो, वर्षाचा नव्हे. उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे आपोआप बरोबरीला येतात, हेही खरे. अडचण अशी की अशी मुले कोणती आणि मदत लागणारी कोणती, हे त्या वयात नुसते पाहून ठरवता येत नाही. म्हणून अमेरिकन बालरोग अकादमी 9, 18 आणि 30 महिन्यांना सर्वच मुलांची विकास-चाळणी सुचवते, आणि स्वमग्नतेसाठी 18 व 24 महिन्यांना वेगळी. एक वर्षाला बडबड किंवा बोट दाखवणे नाही, 16 महिन्यांना एकही शब्द नाही, दोन वर्षांना स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, यांपैकी काहीही आढळले तर श्रवणचाचणीसह पूर्ण तपासणी करावी. मूल अपुऱ्या दिवसांचे असेल तर दोन वर्षांपर्यंत वय प्रसूतीच्या मूळ अपेक्षित तारखेपासून मोजावे.

शिक्क्याबद्दल थोडक्यात सांगतो. चाळणी म्हणजे निदान नव्हे. तिच्यात अडकलेल्या अनेक मुलांना पुढे काहीच निघत नाही. बहिणीच्या मुलाच्या बाबतीत तर या चाळणीनेच कानाकडे बोट दाखवले.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही ती खूण मात्र सर्वांत तातडीची आहे: येत असलेले शब्द, टाटा करणे किंवा डोळ्याला डोळा देणे बंद होणे. हे कोणत्याही वयात घडले तरी पुढच्या लसीच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात मुलाला दाखवावे.