पाच शक्तींच्या तक्त्यात ‘जास्त’ आणि ‘कमी’ लिहून का भागत नाही

“केस स्टडीत पोर्टरच्या पाच शक्तींचा तक्ता काढा आणि प्रत्येकीपुढे ‘जास्त’, ‘मध्यम’ किंवा ‘कमी’ लिहा. स्पर्धक कमी असतील तर स्पर्धा कमी. सरकार ही सहावी शक्ती म्हणून जोडा, पूर्ण गुण मिळतील.”

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना असा सल्ला अनेकदा मिळतो. पोर्टरच्या चौकटीत उद्योगातील नफा पाच शक्तींवर ठरतो: आपसातील स्पर्धा, नव्या कंपन्यांचा धोका, पर्यायी उत्पादने, ग्राहकांचे बळ आणि पुरवठादारांचे बळ. या सल्ल्यातले स्पर्धकांच्या संख्येविषयीचे विधान सर्वांत घातक आहे, कारण ते वरवर पटते. भारतातील मोबाइल सेवेचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर अनेक कंपन्या बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या, ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन इंडिया आणि आयडिया एकत्र झाल्या आणि मोठ्या खासगी कंपन्या तीनच उरल्या. तरीही पुढे वर्षभर दरयुद्ध शमले नाही. स्पेक्ट्रम आणि मनोरे यांवरचा खर्च आधीच झालेला असतो, आणखी एक ग्राहक जोडायला फारसे काही लागत नाही आणि ग्राहकाला सेवांमध्ये मोठा फरक जाणवत नाही. अशा उद्योगात दर उतरवून ग्राहक ओढण्याचा मोह प्रत्येकाला होतो. स्पेक्ट्रमचे हप्ते डोक्यावर असल्याने बाहेर पडणेही अवघड असते. डिसेंबर २०१९ मध्ये याच तिघांनी दर वाढवले, तेव्हा त्यांची संख्या तीच होती. मात्र ऑक्टोबरमधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जुन्या कंपन्यांवर सरकारला द्यायच्या थकबाकीचा मोठा बोजा आला होता. म्हणून उत्तरात संख्येसोबत खर्चाची रचना आणि बाहेर पडण्यातील अडथळेही यायला हवेत.

नुसत्या ‘जास्त–कमी’ शेऱ्यातून कारण कळत नाही. ‘नव्या कंपनीचा धोका कमी’ असे लिहिणाऱ्याला जिओचा प्रवेश समजावून सांगता येणार नाही. अडथळा उंच होताच: रिलायन्सने २०१० मध्ये ब्रॉडबँड स्पेक्ट्रम मिळवलेली कंपनी घेतली आणि व्यावसायिक सेवा सुरू व्हायला सहा वर्षे लागली. पण अडथळ्याची उंची येणाऱ्याच्या भांडवलावरून ठरते. म्हणून शेऱ्यापुढे ‘कोणासाठी’ आणि ‘नफ्यावर कोणता परिणाम’ हे लिहावे.

सरकारला सहावी शक्ती मानल्याने विश्लेषण उथळ होते. धोरण कोणत्या शक्तीतून काम करते, हे दाखवायचे असते. २०११ मध्ये देशभर नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली. तिने ग्राहकाचा बदलाचा खर्च घटवून त्याचे बळ वाढवले. स्पेक्ट्रमचा लिलाव मात्र प्रवेशाच्या अडथळ्यात मोडतो.

विपणनाच्या उत्तरात हा धागा शिफारशीपर्यंत न्यावा, आणि बहुतेक उत्तरे इथेच तुटतात. ग्राहक सहज निघून जातो असे निदान केले असेल, तर ‘जाहिरात वाढवा’ ही शिफारस त्याला लागू पडत नाही. कुटुंबातील सर्व क्रमांक आणि घरचे ब्रॉडबँड एकाच बिलात आणणारी योजना लागू पडते, कारण मग एक क्रमांक हलवला तरी सवलतीचे सगळे गणित बदलते.