नक्की येतो!

नानाच्या कंपनीत टेस्टिंग लीडची जागा निघाली आहे, हे कळायला मला दोन मिनिटं लागली. नानाला मेसेज करायला अकरा दिवस.

कारण चॅट उघडलं की समोर तेच. १२ मे २०१९. नानाने पाठवलेलं वास्तुशांतीचं आमंत्रण, त्याखाली लोकेशन, आणि त्याखाली माझं उत्तर : ‘नक्की येतो!’ वर उद्गारचिन्हसुद्धा. गेलो नव्हतो. का, ते आता आठवत नाही. बहुधा ऊन फार होतं. त्यानंतर सहा वर्षं दोघांकडूनही अक्षर नाही. आता त्या ‘नक्की येतो!’च्या खाली ‘तुमच्याकडे व्हेकन्सी आहे ना?’ कसं लिहायचं?

‘लिही, ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो,’ बायको म्हणाली. ‘हिंजवडीत राहतो ना तो? पटेल त्याला.’

‘काय नाना, विसरलास का?’ लिहून पाहिलं आणि खोडलं. सहा वर्षांनी एवढ्या गोडीत बोलणारा माणूस एक तर पॉलिसी विकतो, नाही तर उसने मागतो. मग दसऱ्याचा मुहूर्त साधून आपट्याच्या पानाचं चित्र पाठवलं. तासाभरात नानाकडूनही आपट्याचं पान आलं, खाली कुठल्याशा बिल्डरचा नंबर. मी हात जोडले. त्यानेही जोडले. सोनं लुटून झालं आणि आम्ही होतो तिथेच.

तोवर आपलं काहीतरी चालू असावं म्हणून मी कंपनीच्या साइटवर अर्ज भरून टाकला.

शेवटी एका रात्री सरळ लिहिलं : ‘नाना, वास्तुशांतीला आलो नाही, चुकलंच. तुमच्याकडची टेस्टिंग लीडची जागा पाहिली. जॉब आयडी आणि रेझ्युमे सोबत आहे. रेफर करशील का? जमत नसेल तर तसं सांग.’

निळ्या टिका आल्या आणि थेट फोनच वाजला.

‘साइटवर अर्ज नाही ना केलास?’

‘केलाय की. आठवडा झाला.’

‘मेलास! तुझा ईमेल एकदा सिस्टीममध्ये पडला की आमच्याकडे सहा महिने रेफरल लागत नाही. आधी बोलला असतास तर मी लिंक पाठवली असती, तू तिच्यातूनच अर्ज भरायचास. जॉइन होऊन नव्वद दिवस टिकला असतास, तर मला बोनस!’

म्हणजे मी अकरा दिवस लाजलो ते नानाच्या खर्चाने.

‘असू दे,’ तोच म्हणाला, ‘मॅनेजरच्या कानावर घालतो. पण गेल्या दोन वर्षांत नेमकं काय केलंस ते चार ओळींत लिहून दे. मला तू २०१७चाच आठवतोस, रिलीजच्या रात्री बग सोडून झोपलेला. ते सांगू का त्याला? आणि रविवारी घरी ये. घर बघ तरी.’

फोन ठेवला. पाठोपाठ लोकेशन आलं, तेच जुनं. बोटांनी सवयीने ‘नक्की ये’पर्यंत टाइप केलं. घाईघाईने खोडलं आणि लिहिलं, ‘किती वाजता?’