पडद्यावर किती ओळी असाव्यात?

कार्तिकी एकादशीच्या भजनसंध्येला सोसायटीच्या सभागृहात अभंगांचे शब्द पडद्यावर दाखवायचे, हे ठरले होते. वाद पेटला तो एका स्लाइडवर किती ओळी घ्यायच्या यावरून. बंड्याने "सुंदर ते ध्यान" हा अख्खा अभंग एकाच स्लाइडवर बसवून आणला होता आणि लॅपटॉप कट्ट्यावर मांडून तो आम्हाला दाखवत होता.

"हे इथे दिसते आहे, कारण आपण लॅपटॉपपासून हातभर अंतरावर बसलो आहोत," मास्तर म्हणाले. "शेवटच्या रांगेतल्या आजी पडद्यापासून चाळीस फुटांवर असतात."

मास्तरांनी हिशेब मांडला. आपला पडदा आठ फूट रुंद आणि साडेचार फूट, म्हणजे 54 इंच उंच आहे. नेहमीच्या रुंद स्लाइडची उंची 540 पॉइंट असते, म्हणून पडद्यावर दहा पॉइंट म्हणजे एक इंच. बंड्याचा फॉन्ट 40 पॉइंटांचा होता, म्हणजे मात्रा-उकारांच्या जागेसकट चार इंच. त्यातले शिरोरेषेखालचे मूळ अक्षर जेमतेम सव्वादोन इंचांचे. दर दहा फुटांमागे एक इंच हा ठोकताळा धरला, तर चाळीस फुटांवरून अक्षर चार इंच दिसायला हवे. त्यासाठी 72 पॉइंट तरी घ्यावे लागतील, आणि देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकू नये म्हणून एका ओळीला साधारण 100 पॉइंट जागा द्यावी लागेल.

"म्हणजे पाच ओळी मावतील की," बंड्या लगेच म्हणाला.

"मावतील, पण खालचा तिसरा भाग पुढच्या खुर्च्यांवरच्या डोक्यांमागे जातो. उरतात तीन ओळी."

येथे पेटीवाले अण्णा मध्ये पडले. त्यांचे म्हणणे असे होते की मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात, आणि ओळ चरणावरच तुटली पाहिजे. पहिली ओळ "सुंदर ते ध्यान उभे विटेवरी" आणि दुसरी "कर कटावरी ठेवोनियां". फॉन्ट वाढवताना संगणकाने मनाला येईल तेथे ओळ मोडली आणि "ठेवोनियां" एकटेच खाली लोंबकळले, तर वाचणाऱ्याचा श्वासही चुकीच्या जागी तुटतो. तेव्हा एका स्लाइडवर एकच कडवे, दोन ओळींत.

"आणि दर कडव्यानंतर ध्रुपदावर यायचे, तेव्हा मी मागच्या स्लाइडवर पळत जायचे का?" बंड्याचा प्रश्न रास्त होता. गेल्या वर्षी याच धावपळीत तो दोनदा भलत्याच कडव्यावर पोहोचला होता आणि लोक गप्प बसले होते. शिवाय छापील गाथेत "ध्रु." ही खूण दुसऱ्या कडव्यापाशी आहे, तर अण्णा परत येतात ते पहिल्या ओळीवर.

तिसऱ्या ओळीचा उपयोग मला तेव्हा सुचला. प्रत्येक स्लाइडवर वर कडव्याच्या दोन ओळी आणि खाली थोडी जागा सोडून, जरा मंद रंगात, अण्णा जी ओळ घोळवतात ती. मग मागे जाणे उरतच नाही. ध्रुपद दुसऱ्या फेरीपर्यंत सगळ्यांना पाठ झालेले असते, त्यामुळे लोक ते म्हणत असतानाच बंड्याने पुढची स्लाइड लावावी. ध्रुपदाची ओळ जागची हलत नाही आणि पुढचे कडवे अण्णांनी उचलण्याआधीच डोळ्यांसमोर येते. अण्णांनी मांडीवर ठेका धरून हे दोनदा करवून घेतले आणि मान डोलावली.

पार्श्वभूमीवर मात्र बंड्या अडून बसला. त्याला मागे विठ्ठलाची रंगीत तसबीर हवी होती. मास्तरांनी त्याला दुसरे कडवे उघडायला लावले. "कासे पीतांबर" हे पिवळसर शब्द नेमके चित्रातल्या पीतांबरावर आले होते आणि दिसेनासे झाले होते. त्यावर सगळे हसले, बंड्यासुद्धा. तसबीर अभंगाच्या आधीच्या कोऱ्या स्लाइडवर राहील, आणि शब्दांमागे सपाट गडद निळा रंग व वर सायीच्या रंगाची अक्षरे असतील. एवढे करूनही पडद्याच्या वरची ट्यूबलाइट मालवावी लागेल. प्रोजेक्टरला काळोख पाडता येत नाही, त्यामुळे प्रकाश पडला की निळ्याचा राखाडी होतो आणि अक्षरे फिकी पडतात.

उठता उठता अण्णांनी लॅपटॉपच्या पडद्याकडे पुन्हा पाहिले. बंड्याने गाथेतून "आवडे निरंतर तेंचि रूप" असे उतरवले होते. अण्णा गातात "हेचि ध्यान". मास्तर छापील पाठ सोडायला तयार नव्हते, आणि अण्णांचे म्हणणे एवढेच होते की पडद्यावर "रूप" दिसले, तर अर्धे सभागृह "रूप" म्हणेल आणि अर्धे माझ्याबरोबर "ध्यान". शेवटी बंड्याने अण्णांचा पाठ टंकला. मास्तर चहाचे पैसे न देताच घरी गेले.