टोमॅटो-बदामाची साल: पदार्थ बघून ठरवा

«टोमॅटो आणि बदाम कधीही सालीसकट खाऊ नका. साल पचत नाही. टोमॅटोच्या सालीमुळे मुतखडा होतो. टोमॅटो दहा मिनिटं चांगले उकळा, मगच साल नीट निघते. बदामाच्या सालीतलं टॅनिन सगळं पोषण अडवतं, म्हणून ते रात्रभर भिजवूनच सोला, दुसरा उपाय नाही. सर्वांना पाठवा.»

असा एक निरोप फिरतो आहे, त्यातलं एकेक विधान तपासू. आधी पचनाचं. टोमॅटोची साल आपल्या पोटात विरघळत नाही, एवढं खरं आहे. तिच्यावर क्यूटिन नावाच्या पदार्थाचा मेणचट थर असतो. तो शिजवूनही मऊ पडत नाही आणि आपल्या पाचकरसांनाही दाद देत नाही. पण न पचणं म्हणजे अपाय नव्हे. गव्हाचा कोंडाही असाच न पचता पुढे जातो, आणि त्याला आपण चोथा म्हणून मुद्दाम खातो. शिवाय टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन गरापेक्षा सालीत जास्त दाट असतं. आतड्याचा मार्ग अरुंद झालेल्या किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला डॉक्टर साली-बिया टाळायला सांगतात, तेव्हा ते ऐकायचं. बाकीच्यांनी कोशिंबिरीतला टोमॅटो सोलत बसायचं काही कारण नाही.

मुतखड्याची गोष्ट तर उलटीच आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि टोमॅटोत ऑक्झलेट कमी असतं, सालीत असो की गरात. ते भरपूर असतं बदामात! आणि तिथे साल काढून फारसं काही साधत नाही, कारण बदाम म्हणजे बहुतांशी गरच. ज्याला वारंवार खडे होतात त्याने बदाम किती खायचे हे डॉक्टरांना विचारावं. सोलायचे की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्नच नाही.

दहा मिनिटांच्या उकळीचा सल्ला मात्र सरळसरळ पदार्थ बिघडवणारा आहे. साल सुटते ती टोमॅटो शिजल्यामुळे नाही. सालीच्या लगेच खालच्या पेशींचा पातळ थर उष्णतेने सैल पडतो आणि साल गरापासून सुटी होते. त्याला अर्धं मिनिट पुरतं. पुढचं सगळं उकळणं आतल्या गराला लागतं. साल फाटते, रस पाण्यात उतरतो, आणि हातात येतो तो पाणचट लगदा. तो सोलताना बोटांतून निसटतो आणि चवीलाही फिका लागतो.

अर्धा किलो टोमॅटो पनीर मखनीच्या ग्रेव्हीसाठी सोलायचे आहेत असं धरू. मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी खळखळा उकळू द्या. पाणी कमी घेतलं तर टोमॅटो टाकताच ते थंडावतं आणि पुन्हा उकळी येईपर्यंत टोमॅटो नुसते शिजत राहतात. देठाचा कठीण भाग सुरीच्या टोकाने काढा आणि खालच्या बाजूला छोटी फुली मारा. फुली सालीपुरतीच हवी, गरात खोल गेली की तिथून पाणी शिरतं. एका वेळी तीन-चार टोमॅटो सोडा आणि फुलीकडे लक्ष ठेवा. पिकलेल्या टोमॅटोची साल वीस-तीस सेकंदांत तिथे मागे वळायला लागते. वळली की लगेच झाऱ्याने उचलून बर्फाच्या पाण्यात टाका. बर्फ नसेल तर माठातलं गार पाणीही चालतं. हेतू एवढाच की आतली शिजण्याची क्रिया थांबावी. मिनिटभराने बाहेर काढा, चारी टोकं धरून ओढा, साल चार पाकळ्यांसारखी उतरते.

चूक कुठे झाली ते टोमॅटोच सांगतो. सालीबरोबर गर खरवडून यायला लागला तर वेळ कमी पडला, पंधरा सेकंदांसाठी परत उकळत्या पाण्यात घाला. सोललेला टोमॅटो वरून बुळबुळीत आणि मऊ लागला तर वेळ जास्त झाला. आणि देठाकडे अजून हिरवट-पिवळट असलेला टोमॅटो कितीही उकळला तरी तेवढ्या भागात साल सोडत नाही. त्याला दोन दिवस बाहेर पिकू द्यावं. नारायणगाव-पिंपळगावच्या बाजारांतून लांबवर जाणारे जाड सालीचे टणक संकरित टोमॅटो असतील तर पाऊण ते एक मिनिट धरा. फ्रीजमधून थेट काढलेल्यांनाही जरा जास्त वेळ लागतो.

हा खटाटोप करायचा कधी? ग्रेव्ही किंवा पास्ताचा सॉस गुळगुळीत हवा असेल आणि गाळायचा नसेल तेव्हा. टोमॅटोच्या मोठ्या फोडी शिजल्या की साल गरापासून सुटते, गुंडाळते आणि लाल काड्यांसारखी रश्श्यात तरंगते. दातांत अडकते ती हीच. रोजच्या भाजीत बारीक चिरलेल्या टोमॅटोच्या बाबतीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. टोमॅटोचं सार करताना तर आपण वाटून गाळतोच, मग आधी सोलणं म्हणजे दुप्पट काम. चार टोमॅटोंचाच प्रश्न असेल तर पाणी उकळायचीही गरज नाही. टोमॅटो अर्धा कापून कापलेली बाजू किसणीवर घासा. गर खाली पडतो आणि साल तळहाताखाली उरते.

आता बदाम. सालीत टॅनिन असतं, तिचा तुरटपणा त्याचाच. टॅनिन लोहाच्या शोषणात थोडा अडथळा आणतं हेही खरं, पण सकाळच्या पाच-सात बदामांच्या सालीने सगळं पोषण अडत नाही. याच सालीत चोथा आणि उपयोगी पॉलिफेनॉल्सही असतात. भिजवण्याने बदामाचं पोषण अंगी लागतं या समजुतीची तपासणी न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी केली आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार भिजवलेल्या बदामांत खनिजं अडवणारं फायटेट म्हणावं तसं कमी झालं नाही. भिजवलेले बदाम चावायला मऊ लागतात, कुणाला गोडसर वाटतात. आवडत असतील तर जरूर भिजवा.

पण केवळ सोलण्यासाठी रात्र घालवायची गरज नाही. उकळत्या पाण्यात वाटीभर बदाम टाका, साठ सेकंद मोजा, चाळणीत ओता, वरून गार पाणी सोडा. बदामाचं रुंद टोक चिमटीत दाबलं की गर सटकन उडतो, म्हणून दुसऱ्या हाताची ओंजळ पुढे धरावी. हे काम बदाम ओले असतानाच उरका, वाळले की साल परत चिकटते. मिनिटाऐवजी पाच मिनिटं ठेवलेत तर गर पाणी पितो आणि सालीचा तपकिरी रंगही त्यावर चढतो.

साल काढणं खरंच कामाला येतं ते बदामाच्या बर्फीत, खिरीत, थंडाईत. तिथे रंग पांढरा हवा आणि जिभेला कण लागायला नकोत. शिऱ्यावर किंवा श्रीखंडावर घालायच्या कापांसाठीही सोललेला, थोडा ओलसर बदाम बरा, कोरडा बदाम सुरीखाली तुटतो. भाजून मीठ लावून खायचे असतील तर साल राहू द्या, तिची खमंग चव तिथे हवीच असते.

खिरीसाठी सोललेले बदाम ओलेच वाटले तरी चालतात, उलट दुधाबरोबर छान मिळून येतात. बर्फीसाठी मात्र पूड हवी आणि ओल्या बदामांची पूड होत नाही, मिक्सरमध्ये चिकट गोळा होतो. सोलल्यावर पंचावर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा, किंवा कढईत अगदी मंद आचेवर रंग न बदलू देता कोरडे करा. बदाम मोडल्यावर कट्‌ आवाज आला की दळायला घ्या, आणि मिक्सर थांबत-थांबत फिरवा, नाहीतर सुकलेल्या बदामांनाही तेल सुटतं.