मारव्यासाठी दोन पाने

«जानेवारीतल्या मैफलीसाठी रागांची माहिती मराठीत आणि इंग्रजीत लिहून देशील का? पहिल्यांदाच ऐकायला येणारी बरीच मंडळी असतील. थाट, आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि समय एवढं लिहिलंस की झालं.» सांगलीहून मामांचा हा निरोप आला.

मी होकार कळवला, पण त्या चार गोष्टी वगळूनच लिहीन असेही कळवले. मैफलीची सुरुवात बहुधा मारव्याने होणार आहे. मारवा थाटातला हा राग, पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, वादी रिषभ आणि संवादी धैवत, हे सगळे खरे आहे; मात्र ज्याला षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, कोणता हे ऐकून ओळखता येत नाही, त्याला या ओळीतून कानाने शोधण्यासारखे काहीच मिळत नाही. परीक्षेच्या वहीतला हा मजकूर ज्याला कळतो, त्याला त्याची गरज उरलेली नसते.

मी लंडनमध्ये राहते. इथल्या मैफलीत श्रोत्याच्या हातात माहितीपत्रक देण्याची प्रथा जुनी आहे. जॉन एला यांनी 1845 मध्ये सुरू केलेल्या म्युझिकल युनियनच्या सभासदांना तर रचनेचे विवेचन कार्यक्रमाआधी घरपोच मिळत असे. आता काय येईल आणि तेव्हा कशाकडे कान द्यायचा, हे सांगण्याची ती पद्धत मला घेण्यासारखी वाटते. आपल्या संगीताविषयी इथे जी पत्रके छापली जातात, ती मात्र घेण्यासारखी नाहीत. त्यांत बहुधा ध्यान, शांती आणि हजारो वर्षांची परंपरा एवढेच असते. श्रोता डोळे मिटून बसतो, आणि गायिका षड्जाला किती वेळा हुलकावणी देऊन गेली, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

मारव्यात ऐकण्यासारखे असते ते नेमके हेच. तानपुरा षड्ज सतत वाजवत असतो, आणि गाणारा त्याच्या अवतीभवती फिरतो. खालच्या निषादावरून तो थेट कोमल रिषभावर जातो, वर धैवतापर्यंत चढतो, उतरताना पुन्हा रिषभावर येऊन थांबतो, आणि घर दिसत असूनही आत शिरत नाही. म्हणून माझ्या मजकुराचे पहिले वाक्य असे आहे: «मागे अखंड चाललेला तानपुऱ्याचा नाद आधी नीट ऐका, आणि गाणारा त्या नादात पूर्णपणे मिसळून कधी थांबतो याची वाट पाहा.» हे करायला कोणताही पारिभाषिक शब्द लागत नाही. वाट पाहावी लागते म्हणून होणारी बेचैनी हाच या रागाचा अनुभव आहे, असे मला वाटते.

मिरजेतले तानपुरे बनवणारे एक जुने कारागीर मामांच्या परिचयाचे आहेत. त्यांनी हा मजकूर ऐकला आणि एक महत्त्वाची भर घातली. पंचम वर्ज्य असल्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार नेहमीसारखी पंचमात ठेवता येत नाही, ती बहुधा निषादात मिळवतात. त्यामुळे मागचा नादच वेगळा होतो आणि नवख्या कानाला षड्ज सापडायला थोडा वेळ लागतो. म्हणून गाणे सुरू होण्यापूर्वी नुसता तानपुरा मिनिटभर वाजू द्यावा, असे त्यांनी सुचवले. इतके उपयोगी वाक्य मला एकाही पुस्तकात मिळाले नसते.

मैफल भरवणाऱ्या मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे निराळे होते: «मारवा म्हणजे उदास, एवढंच लिहा. आणि पूरियाही तोच, स्वर तेच आहेत.» स्वर तेच आहेत, हे अगदी बरोबर आहे. परंतु पूरियात गंधार आणि निषाद यांवर भर असतो, गाणे खालच्या सप्तकात अधिक रमते आणि षड्जही मारव्याइतका टाळला जात नाही. तेच स्वर वरच्या सप्तकात चमकू लागले की सोहनी होते. स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे, हे नवख्या श्रोत्याला पटवायला या तिघांसारखे उदाहरण नाही. «उदास» हा शब्द मात्र मी लिहिणार नाही. तो एकदा वाचला की माणूस ऐकण्याऐवजी उदासी शोधत बसतो.

इंग्रजी पान हे मराठी पानाचे भाषांतर असावे, असे मामांना वाटते. मी ती दोन पाने वेगवेगळी लिहीत आहे, कारण ती वाचणाऱ्यांचे कान वेगळे आहेत. मराठी पानावर मी भा. रा. तांब्यांची «मावळत्या दिनकरा» ही कविता सांगू शकते: हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लताबाईंचा आवाज आणि आधार मारव्याचा. हे गाणे कानावर पडलेल्या माणसाला रागाचा वास आधीच ओळखीचा असतो, आणि मंगेशकर कुटुंब काही काळ सांगलीत राहिल्यामुळे ही ओळख तिथल्या श्रोत्याला अधिकच जवळची वाटेल. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना किंवा बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हा दुवा नसतो. त्यांच्यासाठी ती जागा मी तालाला दिली आहे. बड्या ख्यालात बारा मात्रांच्या एकतालाचे एक आवर्तन पाऊण ते एक मिनिट चालू शकते. गाणारा मुखडा घेऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो तेव्हा सभागृहातल्या जाणकारांच्या माना हलतात, तेवढे पाहिले तरी सम कुठे आहे ते कळते. माझ्या भाच्याला वाटले की बंदिशीचे शब्द आणि अर्थ छापायचे आहेत. त्याचा गैरसमज झाला होता, पण शब्द छापायला काही हरकत नाही, फक्त ते गायिकेकडून मिळायला हवेत.

आता खरी अडचण. लंडनमधल्या मैफलीत काय वाजणार ते महिनोन्‌महिने आधी ठरलेले असते. आपल्याकडे गाणारा ते मंचावर बसल्यावरही बदलतो, आणि तो त्याचा हक्क आहे. मारवा मावळतीचा राग. जानेवारीत सांगलीला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. सहाची वेळ छापायची, आणि दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगते उरकून साडेसातला तानपुरे जुळवायचे, असे झाले तर गायिका मारवा बाजूला ठेवून पूरिया किंवा यमन घेईल, आणि श्रोता हातातल्या कागदाप्रमाणे नसलेली बेचैनी शोधत राहील. म्हणून मी सत्कार मध्यंतरानंतर घ्यावेत, अशी विनंती केली आहे. शिवाय तानपुरा, ख्याल आणि सम यांचा मजकूर कायमचा छापावा, आणि रागांच्या सुट्या पट्ट्या मारवा, पूरिया व यमन अशा तीन तयार ठेवून ऐन वेळी योग्य ती निवेदकाने वाचावी, असे सुचवले आहे. प्रत्येक पट्टी दीड मिनिटात वाचून व्हावी. छापील कागदासाठी सभागृहातले दिवे अर्धे तरी चालू ठेवावे लागतील, कारण अंधारात बारीक टाइप कोणी वाचत नाही.

मामांना दिवे मान्य आहेत, पट्ट्याही मान्य आहेत. सत्कारांबाबत त्यांनी अद्याप उत्तर दिलेले नाही. प्रमुख पाहुण्यांना सातला निघायचे आहे, असे मामी म्हणाल्या. गायिकेला राग आधी विचारावा की नाही, यावर मंडळात दोन मते आहेत आणि मलाही दोन्हींत तथ्य वाटते. तोवर यमनची पट्टी लिहायची राहिली आहे, ती या आठवड्यात पाठवते.