खुलासा : अंध माणसांची स्वप्नं

“आंधळ्यांना स्वप्नात सगळं दिसतं म्हणे, खरं का?”

सगळ्यांना नाही. दृष्टी कोणत्या वयात गेली, त्यावर ते ठरतं. मानसशास्त्रज्ञ जोसेफ जॅस्ट्रो यांनी 1888 मध्येच नोंदवलं होतं की साधारण पाच ते सात वर्षं हा उंबरठा आहे. सातनंतर दृष्टी गेली तर बहुतेकांना स्वप्नात चित्रं दिसत राहतात. पाचच्या आधी गेली तर सहसा नाही. 1999 मध्ये अमेरिकेत 15 अंध प्रौढांची 372 स्वप्नं तपासली, तेव्हाही जवळपास हेच आढळलं.

पण म्हणून जन्मांध माणसाचं स्वप्न म्हणजे नुसता काळोख नव्हे. समजा, स्वप्नात आई आली. ती बांगड्यांच्या किणकिणीतून येते, मग तिच्या खरखरीत तळव्यातून, फोडणीच्या वासातून. त्यात घर आहे, माणसं आहेत, भीतीही आहे. फक्त चित्र नाही. “मी तिला पाहिलं” असं तो सहज म्हणतो आणि ऐकणाऱ्याची फसगत तिथेच होते. त्याला विचारावं, ती आई आहे हे कशावरून कळलं? उत्तर बहुधा आवाजाचं किंवा स्पर्शाचं येतं. मेंदू स्वप्न रचतो ते जगताना साठवलेल्या अनुभवातून, आणि त्या साठ्यात चित्रं असायलाच हवीत असं नाही.