खुलासा: कामावरच्या गोपनीय तक्रारीत नाव कोणाला कळतं?

“तक्रार गोपनीय असते, त्यामुळे साहेबांना आपलं नाव कधीच कळत नाही.”

असं नसतं. गोपनीयतेच्या नियमामुळे माहिती चौकशीशी संबंधित लोकांपुरती राहते, पण ज्याच्यावर आरोप आहे त्याला उत्तर द्यायची संधी द्यावीच लागते. समजा, सुपरवायझर एकालाच सतत रात्रपाळी लावतो. त्याला पाळीपत्रकातल्या तारखा दाखवल्या की तक्रार कोणाची, हे उघडच होतं. साक्षीदाराला मात्र फक्त विचारायचं, ‘या तारखेचा बदल कोणी सांगितला?’ अख्खा अर्ज त्याच्या हातात देणं म्हणजे नियमभंग, आणि तो बऱ्याचदा कँटीनमधल्या चर्चेवरूनच लक्षात येतो.

तक्रारीचा पहिला टप्पा सहसा थेट वरिष्ठाचाच असतो. तक्रार त्याच्याविरुद्ध असेल तर थेट एचआरकडे किंवा तक्रार समितीकडे जाता येतं का, हे कंपनीच्या तक्रार धोरणात आधी वाचा. मुदत बहुधा लेखी अर्ज मिळाल्यापासून मोजतात, तोंडी बोलल्यापासून नाही. म्हणून तारखेची पोच घ्या. धोरणात सात दिवस लिहिले असतील आणि उत्तर आलं नाही, तर पुढच्या टप्प्याला जा. ‘बघतो’वर थांबून राहिलात तर अपिलाचीच मुदत उलटू शकते.